निकालाच्या दिवसाचे स्टेटस आणि मनातली बोच: पुण्यात स्पर्धा परीक्षेसाठी नव्याने आलेल्यांसाठी

सदाशिव पेठेत निकालाच्या दिवशी गुलाल उधळला जातो ते सगळ्यांना दिसतं. त्याच्या अर्धा तास आधी अभ्यासिकेत काय होतं ते फार कोणी लिहीत नाही. कुणीतरी हळूच म्हणतं, "पीडीएफ आली." पुस्तकं तशीच उघडी राहतात आणि पन्नास-साठ जण आपापला नंबर शोधायला लागतात. काही जण बाहेर पळतात, बाकीचे गप्प बसून राहतात. गप्प बसलेल्यांचा खरा त्रास पीडीएफ बंद केल्यावर सुरू होतो, कारण त्यानंतर ते व्हॉट्सॲप उघडतात.

मी या पेठेत चार अटेम्प्ट दिले. एकदा मुलाखतीपर्यंत गेलो, पोस्ट निघाली नाही. पुढे मानसशास्त्रात एम.ए. केलं. आता नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत आठवड्यातून तीन संध्याकाळी मुलांशी बोलायला बसतो. तिथे सर्वांत जास्त ऐकू येणारं वाक्य असं: "सर, अभ्यासाचं टेन्शन नाही, पण ह्याचं-त्याचं बघून दिवस जातो." हा लेख त्याच एका गोष्टीबद्दल आहे: दुसऱ्याशी होणारी तुलना. ती कमी करायची योजना साधारण चार आठवड्यांची आहे. पहिला आठवडा फक्त नोंदी करायच्या, बदल त्यानंतर.

आधी हे समजून घ्या: खुपतं ते जवळच्याचंच

एखाद्या उद्योगपतीच्या घरचं लग्न बघून तुमचा अभ्यास थांबत नाही. कॉट बेसिसच्या खोलीत शेजारच्या कॉटवर झोपणारा पास झाला की मात्र दोन दिवस जातात. यात तुमच्या स्वभावाचा दोष नाही. लिऑन फेस्टिंजर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की स्वतःला मोजायला पक्की मोजपट्टी नसेल तर माणूस दुसऱ्या माणसाशी ताडून बघतो, आणि त्यासाठी आपल्यासारखाच कुणीतरी निवडतो. पुढे अब्राहम टेसर यांनी त्यात दोन गोष्टी जोडल्या. समोरचा आपल्या किती जवळचा आहे, आणि तो ज्यात पुढे गेला ते आपल्यासाठी किती महत्त्वाचं आहे. दोन्ही जास्त असतील तेव्हा टोचणी सर्वांत जास्त.

आता पेठेतलं आयुष्य बघा. एकच खोली, एकच मेस, तीच टेस्ट सिरीज, तीच परीक्षा, बऱ्याचदा तालुकाही तोच. जवळीक पूर्ण आणि महत्त्वही पूर्ण. त्यात पक्की मोजपट्टी वर्षातून एखाद-दोनदाच मिळते, ती म्हणजे निकाल. मधल्या महिन्यांत आपण कुठे उभे आहोत हे सांगणारं काहीच नसतं, म्हणून फोनच मोजपट्टी होऊन बसतो.

यातूनच माझं एक मत तयार झालं आहे, जे नव्या मुलांना विचित्र वाटतं. ती म्हणतात, "इन्स्टाग्राम बंद केलं, आता बरं वाटेल." पण इन्स्टाग्रामवर बरेचसे चेहरे अनोळखी असतात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसमध्ये दिसतात ती सगळी आपण नंबर सेव्ह केलेली माणसं: गावची, शाळेची, खोलीतली. टेसर यांनी सांगितलेली जवळीक तिथे गाळून घेतल्यासारखी एकाच यादीत येते. म्हणून सुरुवात स्टेटसपासून करा.

पहिला आठवडा: वही

सात दिवस फोन वापरण्यात काहीही बदल करायचा नाही. फक्त एक छोटी वही किंवा चार घड्या घातलेला कागद खिशात ठेवायचा. त्यावर चार रकाने पाडायचे: वेळ, कोणाचं काय दिसलं, किती टोचलं (० ते १०) आणि त्यानंतर काय केलं, किती वेळ.

"का टोचलं" हा रकाना मुद्दाम ठेवलेला नाही. "का" लिहायला बसलं की मुलं स्वतःवर खटला भरतात आणि वही दुसऱ्या दिवशी बंद पडते. चौथा रकाना मात्र कधीच सोडू नका. "पुस्तक मिटून खाली चहाला गेलो", "चाळीस मिनिटं रील्स", "काही नाही, पुढचं पान वाचलं" एवढं पुरतं.

नोंद कागदावरच करा. फोनमध्ये लिहायला गेलात तर नोंद राहून जाते आणि तुम्ही पुन्हा स्टेटसमध्ये शिरता. दुसरी चूक म्हणजे रात्री आठवून सगळं एकदम लिहिणं. तेव्हा दिवसातले मोठे चरके तेवढे आठवतात, दोन आणि तीन गुणांचे गळून जातात. वहीत सगळ्याच नोंदी आठ आणि नऊच्या दिसल्या तर समजा की ती रात्री भरली आहे.

नुसत्या नोंदीने काय होणार, असं प्रत्येक जण विचारतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मेलिसा हंट आणि सहकाऱ्यांनी १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला होता, तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने फेसबुक, इन्स्टाग्राम आणि स्नॅपचॅट दिवसाला प्रत्येकी १० मिनिटांपुरतं ठेवलं, दुसऱ्या गटाने नेहमीसारखंच वापरलं. तीन आठवड्यांनी मर्यादा पाळणाऱ्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. पण वापर न बदललेल्या गटातही चिंता आणि "आपलं काहीतरी सुटतंय" ही धास्ती सुरुवातीपेक्षा खाली आली होती. संशोधकांचा अंदाज असा की आपण किती वापरतो यावर लक्ष राहिल्यानेच तो फरक पडला असावा. वहीचं काम तेच आहे.

एका वहीचं वाचन

परभणीकडचा एक मुलगा, तिसरा अटेम्प्ट देणारा. त्याच्या परवानगीने सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. सात दिवसांत त्याच्या वहीत १९ नोंदी झाल्या. त्यातल्या सहा एका मित्राच्या स्टेटसच्या होत्या. हा मित्र आधी त्याच्याच खोलीत राहायचा आणि राज्यकर निरीक्षक म्हणून त्याची निवड झाली होती. सत्काराचे फोटो, शाल-श्रीफळ, गावातला फ्लेक्स. पाच नोंदी एका टेलिग्राम चॅनेलच्या होत्या, जिथे "तुमचा स्कोअर किती येतोय?" असे पोल चालायचे. तीन चुलत बहिणीच्या, ती हिंजवडीत नोकरी करते आणि नुकतं घर घेतलं होतं. दोन टॉपरच्या मुलाखतींच्या रील्सच्या. उरलेल्या तीन किरकोळ.

वही घेऊन आला तेव्हा तो म्हणाला, "सर, प्रॉब्लेम तो मित्रच आहे." गुण बघितले तर खरंच मित्राच्या नोंदींना सात आणि आठ होते, चॅनेलला पाच-सहा. पण मी त्याला चौथ्या रकान्याची बेरीज करायला सांगितली. मित्राच्या सहा नोंदींमागे सगळी मिळून अडीच तास गेले होते. चॅनेलच्या पाच नोंदींमागे पाच तासांच्या वर. पोल बघितला की तो कट-ऑफचे अंदाज सांगणारे तीन-चार व्हिडिओ बघायचा, मग स्वतःची उत्तरं पुन्हा ताडायचा. मित्राने जास्त दुखावलं होतं आणि वेळ जास्त चॅनेलने खाल्ला होता. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे.

बहिणीच्या तिन्ही नोंदींना तीन गुण होते आणि चौथ्या रकान्यात "लाइक केलं, पुढे वाचलं". तिथे काहीच करायचं नाही. सगळं झाडून काढायचा उत्साह येतो, तो आवरा. तीनपर्यंतची टोचणी जगण्यातली आहे, ती राहू द्या.

आणखी एक गोष्ट वेळेच्या रकान्यात दिसली. १९ पैकी १२ नोंदी रात्री साडेनऊ ते साडेअकराच्या. मेसवरून यायचं, कॉटवर आडवं व्हायचं, फोन हातात. बहुतेकांच्या वहीत हेच निघतं. दिवसभराचा थकवा असतो, सोडवलेल्या टेस्टचे मार्क डोक्यात असतात आणि बोलायला कुणी नसतं.

दुसरा आठवडा: उगमावर बंधारा

वहीतून वरचे दोन किंवा तीन उगम निवडा, त्याहून जास्त नकोत.

*व्यक्तीचं स्टेटस.* व्हॉट्सॲपमध्ये `Updates` या भागात जाऊन त्या नावावर बोट दाबून धरा आणि `Mute` निवडा. त्या माणसाला तसा संदेश जात नाही, त्याचे मेसेज आणि कॉल नेहमीसारखे येत राहतात. तुमचं नाव त्याच्या "कोणी बघितलं" यादीत येणार नाही, एवढंच. म्यूट केलेली स्टेटस यादीत खाली वेगळी पडतात, तिथपर्यंत सरकत जायचं नाही. इन्स्टाग्रामवर त्या व्यक्तीच्या प्रोफाइलवर `Following` दाबलं की `Mute` मिळतं, त्यात पोस्ट आणि स्टोरी दोन्ही निवडा. ब्लॉक किंवा अनफॉलो करू नका. ते उद्या समजलं तर मैत्रीत गाठ पडते, आणि मैत्री पुढे लागणार आहे.

म्यूट करण्याआधी अभिनंदन करून टाका. "मनापासून अभिनंदन रे. गडबड ओसरली की फोन करतो." दोन वाक्यं. हे राहिलं तर म्यूट केल्यावर अपराधी वाटत राहतं, आणि तेच वाटणं तुम्हाला पुन्हा त्याच्या प्रोफाइलवर नेतं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीस दिवसांनंतरची तारीख गोल करा. त्या दिवशी म्यूट काढायचं.

*स्कोअरचं चॅनेल.* हे म्यूट करून भागत नाही, सोडावं लागतं. मुलांना वाटतं की सोडलं तर माहिती सुटेल. राज्य लोकसेवा आयोगाची जाहिरात, उत्तरतालिका आणि निकाल `mpsc.gov.in` वर येतात. आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी दुपारी तिथे बघितलं तर काही सुटत नाही.

पोल का फसवतो ते एकदा आकड्यांत बघा, मग चॅनेल सोडायला जड जात नाही. समजा चॅनेलवर परीक्षा दिलेले १,००० जण आहेत. त्यातल्या २०० जणांचा स्कोअर खरंच चांगला आहे, ८०० जणांचा नाही. चांगला स्कोअर आलेला आनंदात असतो, तो मत देतो. समजा अशांतले निम्मे, म्हणजे १०० जण मत देतात. ज्यांना कमी येतोय ते पोल उघडतात आणि गप्प बंद करतात. त्यांच्यातला दहातला एक जण मत देतो, म्हणजे ८० जण. पोलवर दिसतं काय? १८० पैकी १०० जणांचा, म्हणजे ५६ टक्क्यांचा स्कोअर चांगला. खरं प्रमाण २० टक्के. कुणीही खोटं बोललेलं नाही, तरी चित्र खोटं आहे. शिवाय हे स्कोअर पहिल्या उत्तरतालिकेवरचे असतात. हरकतींनंतर अंतिम तालिकेत उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्द होतात. त्या मुलाने हा हिशेब स्वतः कागदावर केला आणि माझ्यासमोर चॅनेल सोडलं.

*रात्रीची वेळ.* इन्स्टाग्राम आणि यूट्यूबसाठी दिवसातली एकच खिडकी ठेवा आणि ती दुपारच्या जेवणानंतर ठेवा. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये `Digital Wellbeing` आहे, आयफोनमध्ये `Screen Time`. तिथे ॲपला रोजची मर्यादा घालता येते. ही मर्यादा तुम्हीच एका बोटाने काढू शकता, त्यामुळे तिला कुलूप समजू नका. ती आठवण करून देणारी खूण आहे. रात्रीचा खरा उपाय म्हणजे फोन चार्जिंगला कॉटपासून लांब लावणं, हात पुरणार नाही इतका. कॉट बेसिसच्या खोलीत प्लग नेमका उशाशीच असतो, तेव्हा खोलीतल्या कुणाशी जागेची अदलाबदल करावी लागली तरी करा.

या आठवड्यात दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, रागाच्या भरात सगळी ॲप उडवणं. निकालाच्या रात्री उडवलेलं ॲप साधारण तिसऱ्या दिवशी परत येतं, आणि तीन दिवसांचे सगळे सत्कार एकदम समोर येतात. दुसरं जास्त लपलेलं आहे: म्यूट केलेल्याचं नाव स्वतः टाइप करून शोधणं. हे होतंय का हे इन्स्टाग्रामच्या शोधाच्या जागी कळतं, अलीकडे शोधलेल्या नावांत तेच नाव वर असतं. तसं झालं तर वहीत नोंद करा, "शोधलं" एवढंच. स्वतःला शिक्षा नको. चार दिवसांत नोंदी कमी होत नसतील तर समजायचं की त्या माणसाबद्दल तुम्हाला खरंच काहीतरी जाणून घ्यायचं आहे, आणि ते स्टेटसमध्ये मिळणार नाही. ते पुढच्या आठवड्याचं काम.

आणि घरचा ग्रुप. तो सोडता येत नाही. आईला फोनवर सरळ सांगता येतं: "आई, कुणाचं सिलेक्शन झालं की लगेच सांगू नकोस. मी घरी आलो की सांग, मी सगळं ऐकेन." मी बघितलंय, बहुतेक आया हे मानतात. त्यांना टोमणा मारायचा नसतो, त्या उत्साहाने सांगत असतात. वडिलांच्या बाबतीत मात्र मला इतकी खात्री देता येत नाही. तिथे फोन आईलाच करावा.

तिसरा आठवडा: मित्राला फोन

स्टेटसमध्ये शेवट दिसतो. मधली वर्षं दिसत नाहीत, आणि नेमकी तीच आपल्या उपयोगाची असतात. ती फक्त त्या माणसाकडून मिळतात.

फोन निकालाच्या आठवड्यात करू नका. वहीत त्याचं नाव सातच्या खाली आलं की करा. आणि "किती तास अभ्यास केलास?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर नेहमी मोठं येतं आणि तुलना नव्याने सुरू होते. तीन प्रश्न पुरे: पहिल्या अटेम्प्टला किती मार्क होते? कोणत्या विषयाने जास्त दगा दिला? शेवटच्या दोन महिन्यांत काय करायचं बंद केलंस?

परभणीच्या मुलाने फोन केला तो म्यूट केल्यापासून अकराव्या दिवशी. पाऊण तास बोलले. त्याला तेव्हा कळलं की तो मित्र दोनदा पूर्वपरीक्षेतच बाहेर पडला होता, आणि ती दोन्ही वर्षं एकाच खोलीत काढूनही त्याने मार्क सांगितले नव्हते. मधे आठ महिने घरून पैसे येत नव्हते म्हणून तो अभ्यासिकेची साफसफाई करून जागा फुकट वापरायचा. शेवटच्या दोन महिन्यांत त्याने नवीन पुस्तक घेणं बंद केलं होतं आणि जुन्या प्रश्नपत्रिका विषयाच्या घटकांप्रमाणे कापून वहीत चिकटवल्या होत्या. मुलाने तिथून एवढी एकच गोष्ट उचलली, कात्री आणि जुन्या प्रश्नपत्रिका.

हा उपाय प्रत्येकाला लागू पडत नाही, हे सांगायला हवं. आपल्याकडे हेवा आणि मत्सर असे दोन शब्द आहेत आणि ते वेगळे ठेवलेत हे फार चांगलं आहे. "त्याला मिळालं, मलाही मिळावं" हा हेवा. "त्याला मिळायला नको होतं" हा मत्सर. फोन हेव्यावर चालतो. बोलताना तुम्ही त्याच्या यशातली खोट शोधत आहात, आरक्षण, ओळख, नशीब याकडे बोलणं वळवत आहात असं जाणवलं, तर फोन लवकर आटपा आणि त्याचं म्यूट आणखी महिनाभर ठेवा. "माझ्यापेक्षा मागे किती जण आहेत" हे मोजून बरं वाटून घेणंही टाळा. तो दिलासा पुढच्या पीडीएफपर्यंतच टिकतो, आणि मागच्यांपैकी एक जण पुढे गेला की दुप्पट लागतं.

चौथा आठवडा: स्वतःची मोजपट्टी

तुलनेचं मूळ मोजपट्टी नसण्यात आहे, तेव्हा ती तयार करावी लागते. दर पंधरा दिवसांनी राज्यसेवा पूर्वच्या सामान्य अध्ययनाची एक जुनी प्रश्नपत्रिका वेळ लावून सोडवा. १०० प्रश्न, २०० गुण, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांतला पाव हिस्सा वजा. फक्त एकूण लिहू नका. सोडवलेले, बरोबर, चूक असे तीन आकडे लिहा.

त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत ९२ प्रश्न सोडवले, ५१ बरोबर, ४१ चूक. १०२ वजा २०.५, म्हणजे ८१.५. पंधरा दिवसांनी दुसरी: ८० सोडवले, ५२ बरोबर, २८ चूक. १०४ वजा १४, म्हणजे ९०. साडेआठ गुण वाढले. त्यातले दोनच गुण जास्त बरोबर उत्तराचे, उरलेले साडेसहा तेरा चुका कमी झाल्याचे. म्हणजे ज्ञान जवळपास तेवढंच होतं, ठोकून द्यायची सवय कमी झाली. दुसऱ्याचा एकूण आकडा बघून हे कधीच कळलं नसतं.

हा आकडा चारच्या चहाला टपरीवर बोलायचा नाही. बोललात की कुणीतरी आपला सांगतो आणि मोजपट्टी पुन्हा त्याची होते.

निकालाचा दिवस आधीच ठरवून ठेवा

थोडक्यात हुकणं सर्वांत जास्त लागतं, हे आधीच माहीत असू द्या. व्हिक्टोरिया मेडवेक, स्कॉट मॅडी आणि थॉमस गिलोविच यांनी १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमधल्या खेळाडूंचे चेहरे चित्रफितीत तपासले, तेव्हा कांस्यपदक मिळवणारे रौप्यवाल्यांपेक्षा जास्त आनंदी दिसले. रौप्यवाल्याच्या डोक्यात हुकलेलं सुवर्ण असतं, कांस्यवाल्याच्या डोक्यात पदकाविनाच परतलो असतो हा विचार. दोन गुणांनी कट-ऑफ हुकलेला मुलगा चाळीस गुणांनी हुकलेल्यापेक्षा जास्त कोसळतो, ते याच कारणाने. तुमचं तसं झालं तर त्या दिवशीची टोचणी तुमच्या कुवतीबद्दल काही सांगत नाही.

म्हणून कागदावर आधीच लिहा. निकाल मी एकटा बघेन, आयोगाच्या साइटवर, एकदाच. नाव नसेल तर घरी एकच फोन, आणि वाक्य आत्ताच ठरवून: "या वेळी नाही झालं, मी ठीक आहे, उद्या सविस्तर बोलतो." मग फोन बंद करून खोलीतल्या अशा मित्राकडे द्यायचा जो या परीक्षेला बसलेला नाही. उद्या सकाळपर्यंत परत मागायचा नाही. शास्त्री रोडच्या बाजूला त्या संध्याकाळी जाऊ नका, तिथे मिरवणुका असतात. लकडी पूल ओलांडून डेक्कनकडे किंवा पर्वतीवर चालत जा, शक्य असेल तर कुणाला बरोबर घेऊन. रात्री मेस चुकवू नका. अभिनंदनाचे मेसेज दुसऱ्या दिवशी, सगळे एकदम, अर्ध्या तासात.

एक मर्यादा स्पष्ट सांगतो. दोन आठवडे जवळपास रोज उदास वाटत असेल, झोप किंवा भूक गेली असेल, आवडत्या गोष्टीतही मन लागत नसेल, तर ही वही पुरेशी नाही. जगण्यात अर्थ नाही असा विचार एकदा जरी आला तरी दोन आठवडे थांबू नका. टेली मानस ही सरकारची मोफत सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. त्याच वेळी खोलीतल्या एकाला तरी सांगा, आणि त्या रात्री एकटे राहू नका.

परभणीच्या मुलाने चौथ्या आठवड्यात पुन्हा सात दिवसांची वही भरली. १९ च्या जागी ९ नोंदी निघाल्या, रात्रीच्या चार. टॉपरच्या रील्स अजून होत्याच, त्यांचं आम्हाला फारसं काही करता आलं नाही. एक बंद केली की दुसरी येते. तिसाव्या दिवशी त्याने मित्राचं म्यूट काढलं. पहिलंच स्टेटस ऑफिसमधल्या टेबलाचं होतं, नावाच्या पाटीसकट. त्याने वहीत चार गुण लिहिले, आणि चौथ्या रकान्यात: "भूगोल, पान ११२ पासून पुढे."